तू हवी होतीस

आज थोडं व्याकरणाचं लिहितेय, पण घाबरू नका, गोष्ट घरातलीच आहे. इंदूरला रामबागेत आमचं घर, चार पिढ्यांचं. बाबांना जाऊन आता तीन वर्षं होतील. ते गेले त्या जानेवारीत माझ्या हातून एक चूक झाली, एका वाक्याची. ती कशी झाली ते सांगावंसं वाटतंय, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आता एक पिढी अशी आहे जी मराठी समजते पण वाचत नाही, आणि मधे दुभाषी म्हणून आपल्यासारखे उभे असतात.

माझा भाऊ अमेरिकेत. त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, तिकडेच वाढली. बाबांची फार लाडकी. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा, बाबा नऊ वाजल्यापासून तयारीत बसायचे. त्या डिसेंबरात तिला सुट्टी होती, इथे यायचं चाललं होतं, मग मैत्रिणींबरोबर कुठे जायचं ठरलं आणि ते राहिलं. जानेवारीतल्या एका रविवारी फोनही राहिला. गुरुवारी बाबा गेले.

चौदाव्या दिवशी तिची ईमेल आली. मला लिहिलं होतं, "आत्या, हे आजीला मराठीत वाचून दाखवशील?" चारच वाक्यं होती. आय विश आय हॅड कम इन डिसेंबर. इफ ओन्ली आय हॅड कॉल्ड दॅट संडे. आय विश आय कुड स्पीक मराठी प्रॉपर्ली. आणि शेवटचं, मे महिन्यात तिचा पदवीचा समारंभ होता त्याबद्दल, आय विश आजोबा वेअर गोइंग टु बी देअर.

आईला इंग्रजी बेताचंच. मी चष्मा लावून बसले आणि पहिलं वाक्य वाचलं, "मी इच्छा करते की मी डिसेंबरात आले असते."

आई म्हणाली, "इच्छा करते म्हणजे? आता करते?"

बरोबरच होतं तिचं. आपल्या इच्छेचं तोंड पुढे असतं. यावंसं वाटतं, तू यावंस अशी इच्छा आहे, हे ठीक. होऊन गेलेल्या गोष्टीची इच्छा मराठीत करता येत नाही. इंग्रजीतलं विश मागेही बघतं, म्हणून तो शब्द उचलून इकडे ठेवला की वाक्य लंगडतं.

मग मी बदललं, "मी डिसेंबरात यायला हवं होतं." आईचा चेहराच बदलला. "कोण म्हणालं तिला असं? हिला काय स्वप्न पडलं होतं आजोबा जाणार म्हणून? लहान आहे ती." म्हणजे आईला त्यात काय ऐकू आलं, तर कबुली. माझं कर्तव्य होतं, मी चुकले. भाचीला तसं वाटत असेलही, पण तिनं लिहिलं होतं त्यात हळहळ होती, गुन्हा कबूल केलेला नव्हता.

तिसऱ्यांदा मी नुसतं म्हटलं, "डिसेंबरात आले असते तर..." आणि थांबले. खरं तर पुढे काय म्हणावं ते सुचत नव्हतं म्हणून थांबले. आईच हळू आवाजात म्हणाली, "तर भेट झाली असती."

तेव्हा लक्षात आलं की हेच ते वाक्य. मराठीत 'तर'वर वाक्य सोडून दिलं की झालं. उरलेलं ऐकणारा पुरं करतो. 'असते' या शब्दातच कळतं की हे घडलेलं नाही, त्यामुळे वेगळं विश नको की इफ ओन्ली नको. शाळेत आपल्याला संकेतार्थ म्हणून शिकवायचे, पाऊस पडला असता तर पीक आलं असतं, तेच हे. अगदी पूर्ण करायचंच असेल तर "आले असते तर बरं झालं असतं." आपल्या इंदुरी घरांतून सरळ "काश मी आले असते" म्हणतात, मीही म्हणते, पण आईपुढे ते हिंदी सिनेमातलं वाटलं असतं.

दुसरं वाक्य मग सोपं गेलं. "त्या रविवारी फोन केला असता तर..." पुढे आईही काही बोलली नाही. नऊ वाजता तयार होऊन बसलेले बाबा आम्ही दोघींनी पाहिले होते.

तिसऱ्यात थोडं अडखळले. "मला मराठी नीट बोलता आलं असतं तर" असं म्हटलं असतं तर ती संधी गेल्यासारखं झालं असतं, त्या दिवशी बोलता आलं असतं तर, अशासारखं. तिला आजची गोष्ट म्हणायची होती. म्हणून वाचलं, "मला मराठी नीट बोलता येत असतं तर किती बरं झालं असतं." आई लगेच म्हणाली, "मग शीक म्हणावं." 'आलं असतं' म्हटलं की दार लागलेलं असतं, 'येत असतं' म्हटलं की ते अजून ढकलून बघता येतं.

चौथं माझ्या तोंडून आपोआप आलं. "माझ्या समारंभाला आजोबा असायला हवे होते." इथे आई रडली. मीही. आणि इथेच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता, तो पडला नाही. कारण याच 'हवं होतं'नं दहा मिनिटांपूर्वी आई रागावली होती आणि आता त्याच शब्दात दोषाचा मागमूस नव्हता. आजोबांचं कर्तव्य होतं, ते त्यांनी बजावलं नाही, असं कोण म्हणेल?

थोड्या वेळानं डोळे पुसून आई म्हणाली, "तिला लिही. म्हणावं, तू हवी होतीस गं. सगळे होते, तू हवी होतीस."

आमचं मराठी इंग्रजीकडे जाताना वाटेत हिंदीच्या ओसरीवर टेकतं. पन्नास वर्षांची सवय आहे. 'हवी होतीस'चं माझ्या डोक्यात 'तुझे यहाँ होना चाहिए था' झालं आणि त्याचं इंग्रजी बोटांनी टाइप केलं, यू शुड हॅव बीन हिअर. एव्हरीवन वॉज हिअर. यू शुड हॅव बीन हिअर. आईचं म्हणून, दोनदा.

उत्तर आलं नाही. पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही. आई म्हणायची अभ्यास असेल. मार्चमध्ये भावाचा फोन आला, आवाज चढलेला. "आईनं असं का लिहिलं पोरीला? ती म्हणते आजी मला माफ करणार नाही, फोन कुठल्या तोंडानं करू."

मी म्हटलं, "आईनं कुठे काय लिहिलंय असं?"

"नेमकं काय म्हणाली होती आई? मराठीत सांग."

"तू हवी होतीस."

तिकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, "अगं ताई, मग ते आय विश यू हॅड बीन हिअर होतं."

इतकंच. आईनं उणीव सांगितली होती आणि मी ठपका पोचवला होता.

त्या रात्री मी वही घेऊन बसले आणि दोन्ही वाक्यं लिहून काढली. तू यायला हवं होतंस. तू हवी होतीस. एकीकडे 'हवं', दुसरीकडे 'हवी'. हा फरक उगाच नाही. तिसऱ्या माणसाबद्दल बोललं की लख्ख दिसतो: तिनं यायला हवं होतं, आणि ती हवी होती. पहिल्यात 'ने' चिकटलाय, म्हणजे काम तिच्या अंगावर आलं, ते तिनं केलं नाही. दुसऱ्यात ती नुसती नाही, आणि ते आपल्याला लागतंय. 'मी' आणि 'तू' यांना 'ने' दिसतच नाही, म्हणून तिथे फसायला होतं. अशा वेळी शेवट बघायचा. 'हवं होतंस' असेल तर कर्तव्य, आणि माणसाप्रमाणे 'हवा होतास', 'हवी होतीस' असं बदललं असेल तर बहुतेक ओढ. 'पाहिजे होतीस' म्हणणाऱ्या घरांतही हेच.

बहुतेक म्हणतेय कारण ही कसोटी प्रत्येक वेळी चालत नाही. "बस एव्हाना यायला हवी होती" यात ना दोष ना ओढ, नुसता अंदाज. आणि भांडताना कुणी "तू हवी होतीस तिथे, मग कळलं असतं!" म्हणालं तर ती ओढ नव्हे, हे सांगायला नको.

एक गंमत त्याच रात्री लक्षात आली. आईची स्वतःची हळहळ यातल्या कुठल्याच वाक्यात बसत नाही. बाबांना शेवटची दोन वर्षं ओंकारेश्वराला जायचं होतं, इंदूरहून अशी काही लांब जागा नाही. त्याबद्दल आई म्हणते, "त्यांना ओंकारेश्वराला न्यायचं राहून गेलं." राहून गेलं. न्यायला हवं होतं असं ती म्हणत नाही, नेलं असतं तर असंही नाही. कुणी राहू दिलं, ते वाक्यात येतच नाही. मला तर वाटतं पंचावन्न वर्षांच्या संसारानंतर हेच वाक्य माणसाला पेलत असावं.

भाचीला भावानं समजावलं, मीही मोठी ईमेल लिहिली, माफी मागितली. एप्रिलपासून रविवारचा फोन पुन्हा सुरू झाला, आता आईला. भाचीनं मराठी मनावर घेतलं. फक्त एका ठिकाणी ती नेहमी चुकते, "मी फोन केली असती" म्हणते. आपण मुलगी म्हणून केली, असा तिचा हिशोब. मी सांगून पाहिलं की आले, गेले, राहिले हे तुझ्याप्रमाणे, पण केला, लिहिली, पाहिलं हे वस्तूप्रमाणे, फोन तो म्हणून केला असता, चिठ्ठी ती म्हणून लिहिली असती. समजतं तिला, पण तोंडात बसत नाही. आई तिची चूक काढत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीत ती आली. लक्ष्मीपूजनाला सगळे बसलो होतो, बाबांच्या जागेवर पाट रिकामाच मांडला होता, आईच मांडते. भाची त्या पाटाकडे बघत होती. मग आईच्या जवळ सरकून हळूच म्हणाली, "आजी, आजोबा हवे होते."

आईनं तिचा हात धरला. म्हणाली, "हो गं. हवे होते."