आधी दिशा, मग किलोमीटर

"लवकर या, इथे मोठा अपघात झालाय!" 112 किंवा 108 वर आलेल्या अशा फोनमध्ये तळमळ असते, पण पत्ता नसतो. फोन उचलणारा माणूस घटनास्थळापासून शेकडो किलोमीटरवरच्या नियंत्रण कक्षात बसलेला असू शकतो. त्याला 'इथे' दिसत नाही. त्याला गाडी पाठवायची असते, म्हणजे जागेइतकीच तिथे पोहोचण्याची वाटही त्याला कळावी लागते. म्हणून दुभाजक असलेल्या महामार्गावर पहिल्या वाक्यातच वाहने कोणत्या शहराकडे चालली होती हे सांगावे आणि लगेच किलोमीटर सांगावा, असे माझे ठाम मत आहे.

पुणे-सातारा रस्त्यावरचा खंबाटकी घाट पाहा. नव्या बोगद्यांचे काम निघण्याआधी अनेक वर्षे तिथली वाहतूक अशी होती: साताऱ्याकडे जाणारी वाहने घाट चढून जात आणि पुण्याकडे येणारी डोंगरातल्या बोगद्यातून येत. नुसते "खंबाटकीत अपघात झालाय" असे कोणी कळवले, तर शिरवळकडून निघालेली रुग्णवाहिका घाट चढून वर जाई. अपघात बोगद्याच्या बाजूला असला, तर तिला पलीकडे वेळ्यापर्यंत उतरून, वळून, बोगद्यातून परत यावे लागे. तेच "साताऱ्याहून पुण्याकडे येताना, बोगद्याच्या अलीकडे" असे सांगितले, तर गाडी साताऱ्याच्या बाजूने पाठवायची हे फोनवरच ठरले असते. नावांचाही घोळ होतो. याच घाटाखाली खंडाळा आहे आणि लोणावळ्याजवळही खंडाळा आहे. राज्यभरचे फोन घेणाऱ्याला नुसते "खंडाळ्याजवळ" म्हणून भागत नाही. "सातारा जिल्ह्यातला खंडाळा" असेच म्हणावे लागते.

दिशेनंतर किलोमीटर. राष्ट्रीय महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असतो, राज्य महामार्गावरच्याचा हिरवा. दोन दगडांच्या मध्ये दर 200 मीटरवर 2, 4, 6, 8 असे आकडे असलेले छोटे दगड असतात. घोटाळा होतो तो आकडा वाचताना. दगडावर पुढच्या गावाचे नाव आणि अंतरही असते. 'सातारा 40' वाचून कोणी "चाळिसाव्या किलोमीटरला" म्हणाला, तर गाडी भलतीकडेच जाईल. त्यामुळे दगडावर जे लिहिले आहे ते गावाच्या नावासकट, जसेच्या तसे वाचून दाखवावे. दगड दिसत नसेल तर मागे गेलेला टोलनाका, समोरचा पेट्रोल पंप, ढाब्याची पाटी, उड्डाणपूल यांपैकी दोन खुणा सांगाव्यात. एकच खूण चुकीची निघू शकते, दोन जुळल्या की जागा पक्की होते.

यावर कोणी म्हणेल की आता मोबाइलवरून जागा आपोआप कळते, मग हा खटाटोप कशाला? कळते, पण दरवेळी नेमकी नाही. फक्त टॉवरवरून काढलेला अंदाज ग्रामीण भागात किलोमीटरच्या हिशेबात चुकू शकतो आणि घाटात उपग्रहाचा संकेतही अडतो. समजा, ठिपका अगदी अचूक पडला. तरी शेजारी शेजारी धावणाऱ्या दोन मार्गिकांपैकी अपघात कोणत्या मार्गिकेवर आहे, की तो पुलाखालच्या सेवा रस्त्यावर आहे, हे ठिपक्यावरून खात्रीने कळत नाही. तिथे उभ्या असलेल्याला ते दिसत असते.

जखमींबद्दलही दिसते तेवढेच सांगावे, निदान करू नये. "दोघे गेले" या वाक्याने फोन घेणारा चुकीच्या निष्कर्षाला येऊ शकतो. त्याऐवजी "चौघे जखमी आहेत, एक हाकेला ओ देत नाही पण छाती हलतेय, चालक स्टिअरिंगमागे अडकलाय" असे सांगितले, तर किती रुग्णवाहिका लागतील आणि पत्रा कापायला पथक हवे का, हे तिथेच ठरते. टँकर उलटला असेल तर जवळ जाऊ नये. त्याच्या धोकासूचक फलकावरचा आकडा लांबून वाचता आला तर सांगावा, म्हणजे आत कोणते रसायन आहे हे अग्निशमन दलाला कळते.

रक्त पाहून हादरलेल्या माणसाला एवढा क्रम कुठून सुचणार, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच पाठ करायचे ते एकच वाक्य: कुठून कुठे जाताना, कितव्या किलोमीटरला. ते सर्वांत आधी म्हणायचे, कारण रेंज गेली तरी तेवढ्यावर गाडी निघू शकते. बाकीचे समोरचा विचारतोच. नाव सांगितले की पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, या भीतीने फोनच न करणाऱ्यांसाठी मोटार वाहन कायद्यात 2019 साली 134-अ हे कलम आले. मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मात्र फोन ठेवल्यावर तोच नंबर मोकळा ठेवावा, कारण वाट चुकली तर रुग्णवाहिकेचा चालक त्यावरच फोन करणार असतो.