आंबा, फणस आणि फोनमधले दोन कप्पे

फोनमध्ये क्लिपबोर्ड एक नसतो, दोन असतात! ज्यांना हे आधीपासून ठाऊक असेल त्यांनी खुशाल हसावं. मला हे कळल्यापासून मी सोसायटीत दिसेल त्याचा फोन हातात घेऊन दाखवत सुटले आहे. एका ॲपमधून कॉपी केलेलं दुसऱ्यात पेस्ट का होत नाही, या कटकटीची निम्मी उत्तरं या एका गोष्टीत आहेत.

सोसायटीची सचिव म्हणून माझं दिवसभर हेच चालतं. बँकेच्या मेलमधून खाते क्रमांक कॉपी करायचा, मग आयएफएससी कोड कॉपी करायचा आणि दोन्ही ग्रुपवर मराठी निवेदनात घालायचे. मेल इंग्रजी कीबोर्डवर आणि निवेदन मराठी कीबोर्डवर लिहायचं, म्हणजे फोनवर दोन कीबोर्ड ॲप. ग्रुपवर आलं की आयएफएससी पेस्ट व्हायचा आणि खाते क्रमांक मात्र गायब. कीबोर्डच्या क्लिपबोर्डच्या खणातही तो नसायचा. माझा पुतण्या अँड्रॉइड ॲप बनवण्याच्या कामात आहे. तो म्हणाला, ‘‘काकू, तुम्ही चुकीच्या कप्प्यात शोधताय.’’ आणि मग त्याने ते दोन कप्पे उघडून दाखवले.

पहिला कप्पा अँड्रॉइडचा स्वतःचा. त्यात एका वेळी एकच गोष्ट मावते. नवं कॉपी केलं की जुनं पुसलं जातं. मजकुराच्या जागी बोट दाबून धरल्यावर ‘पेस्ट’ येतं ते या कप्प्यातून. दुसरा कप्पा कीबोर्ड ॲपचा. तो पहिल्या कप्प्यावर नजर ठेवतो, तिथे काही आलं की स्वतःच्या यादीत उतरवून घेतो, आणि कीबोर्डच्या वरच्या पट्टीत आपल्याला दिसते ती ही यादी. जीबोर्डमध्ये पिन न केलेली नोंद तासाभराने जाते, आणि तिथला क्लिपबोर्ड बंद असेल तर यादी तयारच होत नाही.

आता यातली खरी गंमत. 2019 साली आलेल्या अँड्रॉइड 10 पासून पहिला कप्पा वाचण्याची मुभा फक्त दोघांना आहे: पडद्यावर आत्ता समोर असलेल्या ॲपला आणि चालू म्हणून निवडलेल्या कीबोर्डला. पाठीमागे चालणाऱ्या ॲपच्या हाती काही लागत नाही. ‘क्लिपबोर्ड मॅनेजर’ नावाची जी ॲप पूर्वी सगळं गोळा करत बसायची, ती या नियमाने एका फटक्यात आंधळी झाली. (चालू कीबोर्डला तुमची बहुतेक प्रत्येक कॉपी दिसते, म्हणून कीबोर्ड ओळखीचाच वापरावा, हे जाता जाता.)

आणि ‘चालू’ कीबोर्ड म्हणजे एकच! मी खाते क्रमांक कॉपी केला तेव्हा इंग्रजी कीबोर्ड निवडलेला होता, त्यामुळे नोंद त्याच्या यादीत गेली. ग्रुपवर येऊन मी मराठी कीबोर्डवर गेले. त्याने उठून पाहिलं तेव्हा अँड्रॉइडच्या कप्प्यात फक्त आयएफएससी उरला होता. खाते क्रमांक हरवला नव्हता, तो शेजारच्या कीबोर्डच्या यादीत बसला होता! पृथ्वीगोलाच्या चिन्हाची कळ दाबून इंग्रजी कीबोर्डवर गेले, यादी उघडली, तर तिथे दोन्ही. मी खुर्चीतून उठलेच.

म्हणून मी सगळ्यांना आंबा-फणस चाचणी करायला लावते. नोट्सच्या ॲपमध्ये ‘आंबा’ लिहून कॉपी करा, मग ‘फणस’ कॉपी करा. दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन बोट दाबून पेस्ट करा. फणस आला तर अँड्रॉइडचा कप्पा ठणठणीत आहे. मग कीबोर्डची यादी उघडा. तिथे दोन्ही हवेत. फणस पेस्ट होतो पण यादीत आंबा नाही, तर बिघाड कीबोर्डच्या बाजूला: क्लिपबोर्ड बंद आहे, मध्येच कीबोर्ड बदलला, किंवा फोनने बॅटरी वाचवायला कीबोर्ड ॲपच झोपवलं. शेवटच्यासाठी सेटिंग्जमध्ये त्या कीबोर्डचं बॅटरीचं बंधन काढून टाकायचं. फणससुद्धा पेस्ट होत नसेल, तर ती दोन ॲप तपासा. ऑफिसने बसवलेल्या प्रोफाइलमधलं, म्हणजे चिन्हावर छोटी बॅग दिसते त्या ॲपमधलं, घरगुती ॲपमध्ये पेस्ट होऊ नये असं कंपनी ठरवू शकते. त्यावर आपल्याकडे इलाज नाही.

आयफोनवाले मध्ये बोलतातच, तर त्यांच्यासाठी: 2022 च्या आयओएस 16 पासून एखादं ॲप स्वतःहून क्लिपबोर्ड वाचायला गेलं तर फोन आधी परवानगी विचारतो, आपण मेन्यूतून पेस्ट दाबलं तर विचारत नाही. 16.1 पासून त्या ॲपच्या सेटिंग्जमध्ये `Paste from Other Apps` सापडतं. तिथे `Deny` असेल तर ते `Ask` करा.

पेस्ट न होण्याचं आणखी एक कारण राहिलं, मेमरी. इथे मी सर्वांत जास्त चकित झाले. फोटो कॉपी करतो तेव्हा फोटो क्लिपबोर्डमध्ये जातच नाही! जातो फक्त त्याचा पत्ता. पेस्ट करताना दुसरं ॲप तो पत्ता घेऊन पहिल्या ॲपच्या दारी जातं आणि फोटो मागतं. रॅम कमी पडली की अँड्रॉइड मागची ॲप बंद करतो. मागणी आल्यावर तो पहिल्या ॲपला पुन्हा उठवतो खरा, पण फोटो तात्पुरत्या फाइलमध्ये होता आणि ती साफ झाली असेल, तर हाती काही येत नाही. ओळखायचं कसं? पहिल्या ॲपवर परत जा. सोडलेल्या जागी न उघडता सुरुवातीच्या चित्रापासून उघडलं, तर ते मध्ये मारलं गेलं होतं. फोटोसाठी सरळ ‘शेअर’ वापरा, किंवा पडदा दुभागून दोन्ही ॲप एकत्र समोर ठेवा.

मजकूर मात्र पूर्णच्या पूर्ण जातो, आणि तिथे दुसरी भिंत आहे. ॲप आणि अँड्रॉइड यांच्यातली देवाणघेवाण सुमारे 1 एमबीच्या जागेतून होते, आणि ती जागा त्या वेळच्या इतर कामांनाही पुरवायची असते. ‘मराठी’ हा शब्द फोनच्या लेखी पाच चिन्हांचा, आणि दर चिन्हाला पद्धतीप्रमाणे दोन किंवा तीन बाइट. निवेदनाला हे किरकोळ आहे. पण कोणी आख्खी कादंबरी ‘सिलेक्ट ऑल’ करून कॉपी करायला गेलं, तर ॲप बंद पडू शकतं किंवा कॉपी होतच नाही. प्रकरणं तोडून न्यावीत, नाहीतर फाइलच पाठवावी.

अँड्रॉइड 13 पासून पहिला कप्पाही साधारण तासाभराने आपोआप रिकामा होतो, त्यामुळे सकाळी कॉपी केलेलं दुपारी नसेल तर तो बिघाड समजू नका. आणि पेस्ट होत नाही म्हणून फोन रीसेट करायला दुकानात नेण्याआधी आंबा-फणस नक्की करून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.