बाळसं

गुढियारीतली माझी मावशी सांधेदुखीसाठी दोन वर्षं बिननावाच्या पुड्या घेत होती. दुखणं पळालं. चेहरा चंद्रासारखा वाटोळा झाला, पोट सुटलं, त्यावर जांभळे पट्टे उमटले. हातपाय मात्र काड्या. ‘बाळसं आलंय,’ आम्ही म्हणायचो. शब्दांवर पोट असलेली मीसुद्धा! पुड्यांत स्टेरॉइड होतं, म्हणजे कॉर्टिसॉलचंच काम करणारं औषध.

पुड्या देणारा गाव सोडून गेला. तीन आठवड्यांत मावशीचं अन्न तुटलं, ओकाऱ्या सुरू झाल्या, उठताना भोवळ येऊ लागली. डॉक्टरांनी आधी हिरड्या आणि तळहाताच्या रेषा पाहिल्या. काळवंडलेल्या नव्हत्या. ॲडिसनच्या आजारात अ‍ॅड्रीनल ग्रंथीच नासते, आपल्याकडे कधी क्षयानं. मग पिट्युटरी तिला हाका मारत राहते आणि त्या हाकांच्या संप्रेरकानं कातडी काळी पडते. मावशीची पिट्युटरी बाहेरच्या पुरवठ्यानं मुकी झाली होती. ग्रंथी शाबूत, पण निजलेली.

हायड्रोकॉर्टिसोनची सुई दिल्यावर संध्याकाळी तिनं चहा मागितला. आता गोळी हळूहळू कमी करताहेत; ताप आला तर दुप्पट. घरी आल्यावर तिनं पहिल्यांदा विचारलं, “तेच विष पुन्हा का गं?”