दुपारचा बाह्यवळण

बारामतीत दुकान एका टोकाला आणि गोदाम दुसऱ्या टोकाला, अशी विभागणी आता बऱ्याच व्यापारी घरांत झाली आहे. आमचेही तसेच आहे. फलटण रस्त्याकडून निघून भिगवण रस्त्यावरील एमआयडीसीकडे माल पोहोचवायचा, तोही बहुधा दुपारी बाराच्या सुमारास. मग रोजचा प्रश्न उभा राहतो: तीन हत्ती चौक, भिगवण चौक करीत गावातून जावे की रिंग रोडने वळसा घ्यावा? घरातील वडीलधारी मंडळी डिझेलचा हिशेब मांडून गावातला रस्ता सुचवितात. मुलगा रिंग रोडचा पक्षपाती. दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे, असे माझे मत झाले आहे.

हिशेब सोपा आहे. समजा गावातून ६ किलोमीटर आणि बाहेरून ९ किलोमीटर पडतात. जास्तीचे ३ किलोमीटर ताशी ४० च्या वेगाने साडेचार मिनिटांत सरतात. म्हणजे प्रश्न अंतराचा नसून एवढाच उरतो की, गावातल्या चौकांत आज आपली साडेचार मिनिटांहून अधिक खोळंबून जातील की नाही. एरवी गाडी हळू चालते एवढ्याने फारसे बिघडत नाही. वेळ खातो तो चौक.

चौकाची एक खोड मात्र ध्यानात घेण्यासारखी आहे. दुपारी सकाळच्या शाळा सुटतात आणि दुपारच्या भरतात. रिक्षा, दुचाक्या, पालक सारे एकाच वेळी रस्त्यावर येतात. चौकातून मिनिटाला १५ वाहने पार होतात आणि येतात २०, असे धरा. दहा मिनिटांत ५० वाहनांची रांग साचते. आता गर्दी ओसरली, मिनिटाला १० च वाहने येऊ लागली, तरी रांग मिनिटाला ५ नेच कमी होणार. ती संपायला आणखी दहा मिनिटे लागतात. म्हणून शाळा साडेबाराला सुटत असेल, तर पावणेएकला ‘आता गर्दी संपली असेल’ असे म्हणून निघालेला मनुष्य उरलेल्या रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहतो. रस्त्यावर मुले दिसत नाहीत, तरीही गाड्या थांबलेल्या का, याचे त्याला नवल वाटते. अशी दोन चौकांत रांग लागली की साडेचार मिनिटे सहज जातात.

याउलट दीड ते साडेतीनच्या दरम्यान बाजारपेठ पेंगुळते. अर्धी शटरे खाली असतात, माणसे जेवायला घरी गेलेली असतात. त्या वेळी गावातून गेलेले बरे. वळसा घालणे म्हणजे निव्वळ डिझेल जाळणे. (गुरुवार मात्र यातून वगळावा. आठवडे बाजाराच्या दिवशी दुपारही झोपत नाही.)

रिंग रोडचाही एक ऋतू असतो, आणि तो मुलाच्या लक्षात येत नाही. दिवाळीनंतर साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की माळेगाव आणि भवानीनगरकडे उसाच्या गाड्या निघतात. दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे आला आणि समोरून वाहने येत असली, तर ओलांडणे शक्य होत नाही; ओलांडूही नये. तो ताशी १५ ने चालला आणि आपण त्याच्या मागे ३ किलोमीटर गेलो, तर १२ मिनिटे लागतात. एरवीच्या साडेचारांपुढे साडेसात मिनिटांचे नुकसान झाले, आणि वळशाचा सारा लाभ तेथेच संपला. गावात कोंडी झाली तर गल्ली सापडते. बाहेरच्या रस्त्यावर बहुधा ती सोय नसते. म्हणून हंगामात निघण्यापूर्वी नुकत्याच त्या बाजूने आलेल्या टेम्पोवाल्याला विचारावे. मोबाइलवरील नकाशा रस्ता लाल दाखवतो, पण पुढे ट्रॅक्टर आहे की अपघात, हे प्रत्येक वेळी सांगत नाही.

इंदापूरचा प्रश्न निराळा आणि सोपा आहे. पुणे–सोलापूर महामार्ग गावाबाहेरून जातो. काटेवाडी, लासुर्णे, निमगाव केतकी करीत आलेल्याला सोलापूरकडे जायचे असेल, तर गावात शिरण्याचे कारणच नाही. पेठेत उधारी वसूल करायची असेल तरच आत वळावे. तेथे वेळेची तुलना करण्यापेक्षा कामाचा विचार पुरतो.

बारामतीत मी आणखी एक गोष्ट पाहतो: उशीर झाल्यास बिघडते काय? ट्रान्सपोर्टचा ट्रक ठरल्या वेळी सुटणार असेल, तर शाळांच्या वेळेत गावाची वाट धरत नाही. तेथे कधी १५ मिनिटे लागतात, कधी ३०. बाहेरून, उसाचा हंगाम नसताना, रोज जवळपास तितकीच लागतात. सरासरी सारखी आली तरी ट्रक सरासरीची वाट पाहत नाही. मात्र गोदामातील मोजणीसाठीच जायचे असेल, तर दहा मिनिटे इकडेतिकडे झाली तरी हरकत नसते, आणि मग वडीलधाऱ्यांचा डिझेलचा हिशेब बिनतक्रार मान्य करतो.