नाव मोकळं आहे का? ३१ नावांतून २ कशी उरली

यंदा हळद सगळी सौद्याला न पाठवता थोडी दळून, पाकिटं भरून विकायची असं घरात ठरलं. सोबत उसाचा गूळ पावडर करून द्यायचा. यंत्र, पाकीट, अन्न परवाना ही कामं सरळ होती. अडलं ते नावापाशी. घरातल्या प्रत्येकानं सुचवलेली नावं वहीत लिहिली तर ३१ भरली. त्यातली २ उरली. ती कशी गाळली ते लिहितो, कारण गटाचा किंवा स्वतःचा माल पाकिटात घालणारे आपल्यात आता बरेच आहेत.

पहिली चाळणी घरी बसूनच लागली. माझी भाची कायद्याचं शिक्षण घेते. तिनं वही बघितली आणि पहिल्याच बैठकीत १२ नावांवर काट मारली. 'शुद्ध हळद', 'अस्सल गूळ', 'पिवळं सोनं', 'हळकुंड', 'सेलम' अशी ती नावं होती. ती म्हणाली, "मामा, ही नावं मालाचं वर्णन करतात. सेलम ही तर हळदीची जात आहे. उद्या तुम्ही म्हणाल की सेलम हा शब्द फक्त आमचा, तर बाकीच्यांनी आपल्या हळदीला काय म्हणायचं?" ट्रेडमार्क कायदा १९९९ चा आहे. त्यात मालाचा प्रकार, दर्जा किंवा गाव सांगणाऱ्या शब्दावर एकट्याचा हक्क सहसा देत नाहीत. 'सांगली हळद'ही त्यातच गेलं. त्याला भौगोलिक मानांकन आहे. ते या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं, एकाच्या दुकानाची पाटी होऊ शकत नाही. मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करता येते, पण ते काम वेगळं आणि आपला ब्रँड वेगळा.

दुसऱ्या चाळणीत ५ गेली. 'किसान', 'अन्नपूर्णा' अशी ती नावं. आपल्याला ती घरची वाटतात, पण खाण्याच्या मालात ती मोठ्या कंपन्यांची जुनी नावं आहेत. इथं शोधायचीही गरज नव्हती. राहिली १४.

तिसऱ्या चाळणीला खरा वेळ लागला. ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाची शोधायची सोय फुकट आहे:

```
tmrsearch.ipindia.gov.in
```

आधी वर्ग समजून घ्यावा लागतो. सगळा माल ४५ वर्गांत वाटलेला आहे, त्यातले १ ते ३४ मालाचे आणि ३५ ते ४५ सेवांचे. हळद, मसाले, गूळ, मध, तांदूळ, पीठ हे वर्ग ३० मध्ये. बेदाणा, खाद्यतेल, दूध, तूप हे वर्ग २९ मध्ये. ताजी द्राक्षं, भाजीपाला, बियाणं हे वर्ग ३१ मध्ये. दुकान चालवणं किंवा इतरांचा माल विकणं वर्ग ३५ मध्ये येतं. आमचा माल वर्ग ३० चा, तरी आम्ही चारही वर्ग पाहिले. कारण बेदाणा विकणाऱ्याचं नाव हळदीच्या पाकिटावर दिसलं, तर गिऱ्हाईक दोन्ही माल एकाच घरचा समजणार.

शोध दोन तऱ्हेनं करायचा. `Wordmark` मध्ये `Contains` निवडलं की ती अक्षरं ज्या ज्या नावात आहेत ती सगळी येतात. `Phonetic` निवडलं की तसा आवाज असलेली नावं येतात. मराठी माणसाला हा दुसरा शोध टाळून चालत नाही. आपलं नाव देवनागरीत एकच असतं, इंग्रजी अक्षरांत त्याची चार रूपं होतात. 'भूमी' हे `Bhumi` पण होतं आणि `Bhoomi` पण. 'शिवार' `Shivar` होतं आणि `Shiwar`ही. 'मळा' लिहिलं `Mala`, की वाचणारा त्याला माळा, माला, मला काहीही म्हणतो, आणि शोधात त्या सगळ्यांची गर्दी होते. म्हणून प्रत्येक नावापुढं वहीत त्याची सगळी स्पेलिंगं लिहून घेतली आणि एकेक टाकली.

यादी आली की नावासमोरची स्थिती वाचायची. `Registered` म्हणजे नोंद झालेली. `Objected` म्हणजे तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं हरकत काढली आहे, पण अर्ज जिवंत आहे. `Opposed` म्हणजे तिसऱ्या कुणीतरी विरोध केला आहे, तोही जिवंतच. `Abandoned` किंवा `Refused` म्हणजे अर्ज संपला. `Removed` म्हणजे नूतनीकरण न झाल्यानं नोंद उतरली. पण अर्ज संपला म्हणजे नाव मोकळं झालं, असं धरू नका. त्या नावावर क्लिक केलं की तो माणूस कधीपासून नाव वापरतो ते दिसतं. तो आजही माल विकत असेल तर नोंद नसतानाही त्याचा हक्क राहतो.

आता आमच्याच एका नावाचं उदाहरण देतो. घरात सगळ्यांना आवडलेलं नाव होतं 'सोनकुंड'. सोनं आणि हळकुंड जोडून पोरानं केलेलं. `Contains` मध्ये एकही नाव आलं नाही. पोरगा खूश. मग `Phonetic` लावलं, तर वर्ग ३० मध्ये एक `Registered` नाव निघालं. त्यात एक स्वर आणि शेवटचं अक्षर वेगळं, माल मसाले. पोरगा म्हणाला, "अण्णा, स्पेलिंग वेगळं आहे, अर्थ वेगळा आहे, काय बिघडतं?"

भाचीनं सुप्रीम कोर्टाचा १९६२ चा एक निकाल सांगितला. 'अमृतधारा' हे औषधाचं जुनं नाव होतं आणि दुसऱ्यानं 'लक्ष्मणधारा' नावाची नोंद मागितली. अमृत आणि लक्ष्मण यांच्या अर्थात काही साम्य नाही. पण कोर्टानं म्हटलं की साधा गिऱ्हाईक नावाची फोड करून अर्थ लावत बसत नाही. त्याच्या डोक्यात अख्ख्या नावाची अर्धवट आठवण असते आणि तिच्यावर तो माल मागतो. त्यामुळं ही नावं फसगत होण्याइतकी जवळची ठरली. लक्ष्मणधारा बरीच वर्षं प्रामाणिकपणे चालू होतं आणि समोरचा गप्प राहिला होता, म्हणून त्याला नोंद मिळाली, तीही उत्तर प्रदेशापुरतीच.

आपण नवे. आपल्याकडं जुन्या वापराचा आधार नाही. पाकिटं छापून झाल्यावर नोटीस येण्यापेक्षा वहीतली एक ओळ खोडलेली बरी. 'सोनकुंड' गेलं. मी स्वतः एक कसोटी लावली. दुकानदाराला फोनवर नाव सांगायचं आणि त्याला लिहून घ्यायला सांगायचं. त्यानं दुसऱ्याच ब्रँडचं नाव लिहिलं तर समजायचं. या चाळणीत ९ नावं गेली आणि ५ राहिली.

चौथी चाळणी बाजाराची. नोंदणीच्या यादीत फक्त अर्ज केलेलेच दिसतात. काल-परवाचा अर्ज लगेच दिसेलच असंही नाही. आणि आठवडी बाजारात दहा वर्षं एका नावानं मसाला विकणारी बाई त्या यादीत कधीच दिसणार नाही, पण कायद्यानं आधी वापरणाऱ्याचा हक्क तिच्याकडं आहे. म्हणून मिरज, सांगली, जयसिंगपूरची किराणा दुकानं फिरलो आणि फोनवर विक्रीच्या साइटवर नावं टाकून बघितली. एक नाव बचत गटाच्या पापडावर सापडलं. सोडलं. राहिली ४.

साइटचं नाव, म्हणजे डोमेन, आम्ही मुद्दाम शेवटी पाहिलं. बरेच जण ते आधी पाहतात आणि `.com` मिळालं की नाव आपलं झालं म्हणतात. डोमेनचा हिशेब अक्षराला अक्षर असा असतो. एक अक्षर जादा घातलं की ते वेगळं आणि मोकळं. ट्रेडमार्कचा हिशेब आवाज, दिसणं आणि माल यांवर चालतो. हे दोन्ही एकमेकांना भिडले ते २००४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात. सत्यम इन्फोवे या कंपनीचं `sifynet.com` होतं. दुसऱ्या कंपनीनं `siffynet.com` घेतलं. एक `f` जास्त, म्हणून मिळालं. पण कोर्टानं सांगितलं की डोमेन हीसुद्धा धंद्याची ओळखच आहे, आणि निकाल पहिल्या कंपनीच्या बाजूनं दिला. डोमेन विकणारा फक्त अक्षरं मोकळी आहेत का तेवढं बघतो. हक्क कुणाचा, ते तो बघत नाही.

उलटही खरं आहे. `.com` गेलं म्हणून चांगलं नाव टाकू नका. ते कुणीतरी नुसतं विकायला धरून ठेवलेलं असेल, तर आपल्याला `.in` चालतं. मात्र त्या पत्त्यावर कुणी आपल्यासारखाच माल विकत असेल तर नाव सोडा. आमच्या ४ पैकी एका नावाचं तेच झालं. दुसऱ्या एकाचं स्पेलिंग पाच जणांनी पाच तऱ्हेनं लिहिलं. असं नाव गिऱ्हाईक फोनवर टाईप करू शकत नाही, म्हणून तेही सोडलं. उरलेल्या दोन्ही नावांची नेहमीची दोन-दोन स्पेलिंगं `.in` मध्ये त्याच दिवशी माझ्याच नावावर घेतली, साइट बनवणाऱ्या पोराच्या नावावर नाही. घेताना पहिल्या वर्षाचा नव्हे, नूतनीकरणाचा दर वाचा. पहिलं वर्ष स्वस्त दाखवतात.

उरलेली दोन नावं इथं लिहीत नाही. अर्ज भरल्याचा क्रमांक हातात येईपर्यंत सांगू नयेत. एकट्या माणसाला किंवा लहान उद्योगाला ऑनलाईन अर्जाची फी एका वर्गाला ४५०० रुपये आहे, बाकीच्यांना ९०००. लहान उद्योग म्हणून सवलत हवी तर उद्यमचा दाखला लागतो. नाव मराठीत दिलं तर त्याचं इंग्रजी लिप्यंतर आणि अर्थही द्यावा लागतो. अर्ज मान्य झाला की नाव जर्नलमध्ये छापतात आणि ४ महिने कुणालाही विरोध करता येतो. नोंद झाली की ती १० वर्षांची.

शेवटी पाकीट छापणाऱ्यांसाठी एक. नावाशेजारी ™ आजही छापता येतं. ® मात्र नोंद झाल्यावरच. आधी छापलं तर कायद्यानं दंड होतो, आणि छापखानेवाला हौसेनं टाकून देतो, म्हणून प्रूफ स्वतः बघा. आमचा पहिला लॉट फक्त ५० किलोचा आहे, त्यामुळं पाकिटंही तेवढीच छापणार. नावावर हरकत आलीच तर वाया जाईल ते १ गठ्ठा कागद.