‘येथे’ म्हणजे कोठे?

कार्यालयीन मराठीत काही शब्द असे आहेत की ते स्वतः काहीच सांगत नाहीत, केवळ बोट दाखवतात. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘खालील’, ‘सोबतचे’, आणि अलीकडे त्यांच्यात येऊन बसलेले ‘येथे क्लिक करा’ मधील ‘येथे’. भाषाविज्ञानात अशा शब्दांना दर्शक शब्द म्हणतात. कार्ल ब्यूलर या मानसशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये भाषेच्या दोन क्षेत्रांत भेद केला होता. पहिल्या क्षेत्रातील शब्दांचा अर्थ शब्दातच असतो, तर दुसऱ्या क्षेत्रातील शब्दांचा अर्थ बोलणारा कोठे उभा आहे यावरून ठरतो. ‘आंबा’ हा शब्द कोठेही उच्चारला तरी आंबाच राहतो. ‘येथे’ मात्र जागेवरून उचलला की रिकामा होतो. वर्गात हा मुद्दा शिकवताना मी अनेक वर्षे टेबल-खुर्चीची उदाहरणे देत असे. त्याचे खरे उदाहरण मला एका ई-मेलमध्ये सापडले, आणि तेही तो ई-मेल पाहून नव्हे, ऐकून.

मावळातील शिरगाव हे ‘प्रतिशिर्डी’ म्हणून ओळखले जाणारे गाव. तेथील एक विद्यार्थिनी दूरशिक्षणाने मराठीचे बी. ए. करीत होत्या. वयाच्या तिशीत दृष्टी गेल्यामुळे ब्रेल त्यांच्या बोटांना कधी वळली नाही. त्यांचे सारे वाचन कानांनी चाले. घरी संगणकावर एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर होता आणि बाहेर असताना फोनमधील टॉकबॅक. पडद्यावरचा मजकूर कृत्रिम आवाजात बोलून दाखवणारे हे कार्यक्रम. एकदा त्यांचा मला फोन आला. “मॅडम, संपर्क सत्राचं पत्र आलंय, पण पत्रात काहीच नाहीये.”

मला वाटले, रिकामा मेल आला असावा. पण माझ्याकडे आलेली त्याची प्रत तर भरगच्च होती. वर संस्थेचे बोधचिन्ह, त्याखाली रंगीत चौकटीत तारीख, वेळ, ठिकाण, विषयवार तासांचा तक्ता, अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक टीप, आणि शेवटी तीन निळ्या ओळी. पुढे एका भेटीत त्यांनी तो मेल मला त्यांच्या संगणकावर ऐकवला. विषय होता ‘अत्यंत महत्त्वाचे’. मग आवाज म्हणाला, ‘सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की सोबतची सूचना पाहावी’. मग ‘image.png, ग्राफिक’. त्यानंतर ‘लिंक, येथे क्लिक करा’, हेच तीन वेळा. संपले. म्हणजे त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी शाळेतून आलेल्या पुतण्याकडून चित्र वाचून घेतले होते. मुलाने तारीख सांगितली, वेळ सांगितली, वर मोठ्या अक्षरांत छापलेले ठिकाण सांगितले. तळाची बारीक टीप त्याला महत्त्वाची वाटली नाही. द्वितीय वर्षाचे सत्र तळेगावऐवजी वडगावला होईल, असे त्या टिपेत होते. रविवारी वहिनीला सोबत घेऊन त्या तळेगावला गेल्या, तेथून रिक्षाने वडगावला आल्या आणि व्याकरणाचा पहिला तास बुडाला. मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. दुसऱ्यासाठी वाचणारा माणूस नकळत सारांशच सांगतो, आणि काय गाळले गेले हे ऐकणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. हेच शब्द चित्राऐवजी मजकुरात असते, तर टीपही यंत्राने त्याच आवाजात, तेवढ्याच स्पष्टपणे वाचली असती. यंत्राला बारीक टाईप कळत नाही, हा येथे त्याचा गुणच.

स्क्रीन रीडरला चित्रातील अक्षरे अक्षरे म्हणून मिळत नाहीत. चित्राला पर्यायी मजकूर जोडलेला असेल तर तो वाचला जातो. नसेल तर बहुधा फाईलचे नाव तेवढे ऐकू येते. चित्रातून अक्षरे ओळखून देणारी साधने आहेत, पण तक्ता आला की त्यांच्या वाचनात एका रकान्यातील वेळ दुसऱ्या विषयाला जाऊन चिकटू शकते. कागद स्कॅन करून केलेली पीडीएफ हीसुद्धा आतून चित्रच असते. ती आहे की नाही हे ओळखणे सोपे आहे. पीडीएफ उघडून एखादा शब्द माऊसने निवडून पाहावा. शब्द निवडला जात नसेल आणि सगळे पानच एक तुकडा होऊन वागत असेल, तर ऐकणाऱ्यासाठी ते पान कोरे आहे.

ही चित्रांची सवय मराठी कार्यालयांना लागली कशी, याचे एक कारण आपल्या लिपीच्या इतिहासात आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरीही पुढे बराच काळ आपली टंकलेखने श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटांतच होत राहिली. या जुन्या फाँटांत पडद्यावर देवनागरी दिसते, पण संगणकाच्या पोटात साठते रोमन अक्षर. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ लिहिले की आत `ejkBh` असते. ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याला मेलमध्ये ही रोमन खिचडीच दिसायची. त्यावर शोधलेला तोडगा म्हणजे कागदाचा फोटो काढून पाठवणे. डोळ्यांचा प्रश्न सुटला, कानांचा मात्र तेथेच अडला. जुन्या फाईलमधील मजकूर मेलमध्ये घ्यायचा असेल तर आधी तो निवडून त्याचा फाँट बदलून मंगल करून पाहावा. देवनागरी टिकली तर तो युनिकोड आहे. रोमन अक्षरे उमटली तर मजकूर रूपांतरित करावा लागेल किंवा पुन्हा टंकित करावा लागेल, कारण स्क्रीन रीडर ती रोमन अक्षरेच वाचणार.

आता त्या तीन ‘येथे’ंकडे वळू. डोळस वाचक निळ्या शब्दाच्या आजूबाजूचे वाक्य एका दृष्टिक्षेपात टिपतो. ऐकणारा वाचक पुष्कळदा वाक्यात नसतोच. एनव्हीडीएमध्ये `Insert` आणि `F7` दाबले की मेलमधील सगळ्या लिंकांची यादी उघडते. नको तो मजकूर ओलांडून हव्या त्या दुव्यावर पोहोचण्याचा तो जवळचा रस्ता आहे. या यादीत दुवे वाक्यातून उचलून मांडलेले असतात, म्हणून तेथे ‘येथे क्लिक करा’ या एकाच ओळीच्या तीन प्रती उभ्या राहतात. ब्यूलरचा भेद इतका उघडा मी अन्यत्र पाहिलेला नाही.

सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष २००८ पासून या रूपात आहेत, त्यांची मूलभूत पातळी येथे थोडी सैल आहे. दुव्याचा हेतू सभोवतालच्या वाक्यावरून कळला तरी ती पातळी चालवून घेते, आणि दुवा एकटाच अर्थपूर्ण असावा ही अपेक्षा सर्वांत वरच्या पातळीवर ठेवते. माझ्या मते मराठीत तरी आपण वरचीच पातळी धरावी, कारण ती आपल्याला फुकट मिळते. आपल्या नामसमूहात विशेषण आधी येते आणि नाम शेवटी. ‘द्वितीय वर्षाचे गृहपाठ प्रश्न’ आणि ‘तृतीय वर्षाचे गृहपाठ प्रश्न’ या दुव्यांत वेगळेपणा पहिल्याच शब्दात कानावर पडतो, आणि ऐकणारा पुढचे न ऐकता यादीत खाली सरकू शकतो. ‘सदर गृहपाठ प्रश्न’ असे लिहिले की हा लाभ हातचा जातो. पूर्ण पत्ता तसाच चिकटवणेही टाळावे. आवाज त्यातील तिरप्या रेघा आणि आकडे एकेक करून वाचत बसतो. जीमेलमध्ये नेमके शब्द निवडून `Ctrl` आणि `K` दाबले की त्या शब्दांनाच दुवा जोडता येतो.

शीर्षकांचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. ऐकणे एकाच रेषेत चालते. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला पूर्वरंग संपून उत्तररंग सुरू झाल्याचे कळते, कारण परंपरेने तशा खुणा ठरवून दिलेल्या आहेत. मेलमध्ये तशी खूण लेखकालाच ठेवावी लागते. ठळक अक्षरे ही खूण नव्हे. पुढील दोन ओळी दिसायला जवळपास सारख्या असतात:

```
<b>गृहपाठ</b>
<h2>गृहपाठ</h2>
```

पहिली केवळ जाड आहे, दुसरी शीर्षक आहे. ऐकणारा `H` ही कळ दाबतो तेव्हा आवाज दुसरीवर थांबतो आणि पहिलीवरून तसाच पुढे जातो. जीमेलच्या लेखनचौकटीत अक्षर मोठे आणि ठळक करता येते, पण ते शीर्षक होत नाही. यावर उपाय म्हणून मजकूर वर्डमध्ये ‘हेडिंग’ शैली वापरून लिहावा आणि तेथून मेलमध्ये आणावा. अशी शीर्षके बहुधा टिकतात. टिकली का, हे पाहण्यासाठी मेल आधी स्वतःलाच पाठवावा, एनव्हीडीए सुरू करून `H` दाबत जावे. पुढे शीर्षक नाही, असे आवाजाने लगेच सांगितले तर वाटेत ती हरवली आहेत. चार ओळींच्या मेलला मात्र शीर्षके देऊ नयेत. तेथे ती उंबरठ्यावर पाट मांडल्यासारखी अडखळवतात.

त्याच सूचनेचे रूप आम्ही दोघींनी पुन्हा बसवले. ते असे झाले:

> विषय: बी. ए. द्वितीय वर्ष संपर्क सत्र, रविवार १२ ऑक्टोबर, वडगाव
>
> द्वितीय वर्षाचे संपर्क सत्र रविवार, १२ ऑक्टोबर रोजी सकाळी साडेदहा वाजता वडगाव येथे सुरू होईल. यावेळी ते तळेगावला होणार नाही.
>
> तासिका
> साडेदहा ते बारा: व्याकरण. साडेबारा ते दोन: मध्ययुगीन साहित्य.
>
> गृहपाठ
> अंतिम दिनांक ३१ ऑक्टोबर. द्वितीय वर्षाचे गृहपाठ प्रश्न (दुवा). गृहपाठ जमा करण्याचा अर्ज (दुवा).

‘तासिका’ आणि ‘गृहपाठ’ ही खरी शीर्षके, आणि ‘दुवा’ असे लिहिलेल्या जागी त्याआधीचे शब्दच दुवा. बदललेले ठिकाण विषयातच आले, कारण मेल उघडण्यापूर्वी ऐकू येतो तो विषय. तक्त्याची साधी वाक्ये झाली. दोनच तासिकांसाठी रकाने कशाला? मूळ मेलमधील तिसरा दुवा नकाशाचा होता. तो आम्ही काढून टाकला, कारण नकाशा चित्रच असतो. पोहोचण्याचा रस्ता शब्दांत लिहिता येईल, पण तो त्या वाटेने चाललेल्या माणसानेच लिहावा, म्हणून ती जागा केंद्रासाठी मोकळी ठेवली. बोधचिन्ह राहिले. त्याचा पर्यायी मजकूर मात्र मुद्दाम रिकामा ठेवला, म्हणजे शोभेच्या वस्तूपाशी आवाज थांबणार नाही.

नवे रूप त्यांनी दोनदा ऐकले आणि एक दुरुस्ती सुचवली, जी मला सुचली नसती. माझ्या मसुद्यात ‘दि. ३१’ आणि ‘स. १०.३०’ असे होते. त्यांच्या संगणकावरील आवाज ‘दि’ म्हणून थांबायचा, आणि १०.३० हा दशांश अपूर्णांक असल्यासारखा वाचायचा. म्हणून ‘दिनांक’ पूर्ण लिहिले आणि वेळ शब्दांत. “फोनवरचा आवाज हे बरोबर वाचतो,” त्या म्हणाल्या, “पण सगळ्यांकडे तोच आवाज असतो असं नाही ना.”