गडी माणसाचं रडू

लकवा मारून गेलेला माणूस रडतो, हे आमच्याकडे सगळ्यांनीच कधी ना कधी पाहिलेलं असतं. भेटायला कुणी आलं, नुसतं "कसं काय आबा?" म्हणालं, की तोंड वाकडं होतं, ओठ थरथरतात आणि रडू फुटतं. पाहुणा गडबडतो, घरातली माणसं नजर चोरतात. "माणूस खचला बघा," असं बाहेर पडताना कुणीतरी हळूच म्हणतं. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझ्या थोरल्या चुलत्यांबद्दल हेच बोललं गेलं. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं.

आबा तालमीतले. पोरगं आखाड्यात पडलं, गुडघा फुटला आणि रडायला लागलं, की ते वरूनच ओरडायचे, "बायावानी काय रडायलास रे?" चुलती गेली तेव्हा बाया पदर तोंडाला लावून आक्रोश करत होत्या आणि आबा ओसरीवर बसून लाकडं किती लागतील याचा हिशेब सांगत होते. त्या दिवसापासून गावात त्यांचं नाव झालं. दगडासारखा माणूस, असं लोक कौतुकानं म्हणत. अशा माणसाचं उजवं अंग गेलं आणि दोन-तीन आठवड्यांनी हे रडू सुरू झालं. नातू शाळेतून आला, रडू. टीव्हीवर दिंडी दिसली, रडू. कापसाचा भाव सांगणारा बातमीदार दिसला तरी रडू.

त्यांची एक गोष्ट माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. उजवा हात उचलत नसल्यामुळे डोळे पुसायला डावा हात लागायचा, आणि दस्ती असायची बंडीच्या उजव्या खिशात. डावा हात पोटावरून वळवून ती काढेपर्यंत सगळ्यांनी सगळं पाहिलेलं असायचं. मग ते कुणी यायच्या आधीच दस्ती डाव्या मुठीत धरून बसायला लागले. पुढे पुढे फाटक वाजलं की "मला आत न्या" म्हणायचे. घरच्यांनाही ते बरं वाटायचं. पाहुण्यांना सांगायचे, आबा झोपलेत.

पुढे त्यांना मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं, ते हातापायासाठी. रडण्याचा विषय कुणी काढणार नव्हतं. तपासता तपासताच आबांना रडू आलं आणि डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "आबा, आत्ता रडलात तेव्हा मनात काही दुःख होतं का?"

आबांनी मान हलवली. बोबड्या बोलीत म्हणाले, "दुःख नाही. लाज वाटते."

त्या एका उत्तरात मला सगळा विषय दिसतो. रडणं हा मेंदूचा आजार होता. लाज मात्र आम्ही दिलेली होती, आणि घरात कोंडून ठेवलं ते तिनं.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. हसणं आणि रडणं या चेहऱ्याच्या, श्वासाच्या आणि अश्रूंच्या एकत्र हालचाली. त्या घडवणारी जागा मेंदूच्या खालच्या भागात, मेंदूकांडात असते. कधी सोडायचं, किती सोडायचं, हे वरचा मेंदू ठरवतो. आमच्या भागातून जायकवाडीचा कालवा जातो, म्हणून त्यांनी तोच दाखला दिला: पाणी तेवढंच आहे, दार बिघडलंय. लकव्यात वरून खाली येणाऱ्या वाटा तुटल्या की भावनेचा हलका धक्काही पुरतो. कधी तोही लागत नाही. लकव्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत साधारण पाच रुग्णांत एकाला असं होतं. डोक्याला मार लागल्यावर किंवा मज्जातंतूंच्या काही आजारांतही होतं.

हे ज्ञान नवं नाही. चार्ल्स डार्विननं १८७२ साली माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावनांवर लिहिलेल्या पुस्तकात अर्धांगवायूच्या रोग्यांना रडण्याची खोड जडते, असं नोंदवलं आहे. त्याच पुस्तकात तो हेही सांगतो, की इंग्रज पुरुष फार मोठ्या दुःखाशिवाय रडत नाहीत, पण युरोपाच्या काही भागांत पुरुष सहज रडतात. म्हणजे डोळ्यातलं पाणी शरीराचं आणि ते अडवायचं वळण समाजाचं, हे त्यालाही एकाच प्रकरणात सांगावंसं वाटलं.

मग हे रडू आजाराचं की दुःखाचं, हे ओळखायचं कसं? आजाराचं रडू अचानक येतं आणि काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत ओसरतं. कारण क्षुल्लक असतं. कधी रडता रडता हसू फुटतं. ते गेलं की माणूस पूर्ववत बोलू लागतो. त्याची भूक असते, झोप असते, उद्या काय करायचं याची चौकशी असते. नैराश्य तसं नसतं. त्यात उदासी दोन आठवडे आणि त्याहून अधिक, जवळजवळ रोज, दिवसभर मुक्काम करते. जेवण उतरत नाही, पहाटे तीनला जाग येते, शेताकडे जावंसं वाटत नाही. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, म्हणून नुसत्या रडण्यावरून निकाल देऊ नये, डॉक्टरांना विचारू द्यावं. आबांना नैराश्य नव्हतं. त्यांना नैराश्यावरचीच गोळी, पण थोड्या मात्रेत दिली. या रडण्यावर ती बऱ्याचदा नैराश्यापेक्षा लवकर लागू पडते, आणि पंधरा दिवसांत फरक दिसला.

आता लाजेकडे येतो, कारण तिला गोळी नाही.

आमच्याकडे पुरुषाला रडायला जागाच नाही, असं म्हटलं तर ते खरं नाही. जागा आहेत, पण नेमून दिलेल्या. पोरीच्या पाठवणीला बाप रडला तर कुणी हसत नाही. कीर्तनात, पांडुरंगाच्या पायाशी रडला तर लोक त्याच्याच पाया पडतात. आणि दारू पिऊन रडला तर "पिलाय" म्हणून सोडून देतात. या तिसऱ्या जागेचं मला भय वाटतं. शुद्धीत रडायची सोय नसली की रडण्यासाठी प्यावं लागतं. गावोगावच्या कितीतरी बायका हे जाणून आहेत, की नवरा ग्लास संपल्यावरच आपल्या मेलेल्या भावाचं नाव घेतो.

मरणाच्या ठिकाणी तर नेमकं उलटं शिकवलं जातं. नातेवाइकांचे अश्रू मृताला प्यावे लागतात, म्हणून रडू नये, ही समजूत याज्ञवल्क्य स्मृतीइतकी जुनी आहे. अग्नी देणाऱ्या मुलाच्या खांद्यावर पाण्याचं मडकं देतात, त्याला भोक पाडत फेरे घालायला लावतात, मडकं मागे टाकून फोडलं की उलट्या हातानं तोंडावर मारून बोंब मारायला सांगतात. पुरुषाला मिळालेला आक्रोश तो एवढाच, तोही भटजींनी सांगितल्यावर, डोळ्यात पाणी असो नसो. मग लगेच कुणीतरी खांद्यावर थाप देतं, "आता तूच घरचा कर्ता, रडू नको." बारा-तेरा वर्षांच्या पोरालाही हेच सांगतात, हे मी पाहिलं आहे आणि मला ते सहन होत नाही.

आणि हे कुठं? जिथं नामदेव जन्मले असं परंपरा सांगते, ते नर्सी आमच्याच जिल्ह्यात होतं. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा झाला, तोवर नर्सीही परभणीत आणि औंढा नागनाथही परभणीत. तेरला संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारलं. बाकीचे गप्प राहिले, नामदेव कळवळले आणि मडकं कच्चं ठरलं. तिथून ते विसोबा खेचरांकडे, औंढ्याला गेले. कीर्तनकार ही कथा अहंकार आणि गुरू यांबद्दल सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण मांडवात मागे बसलेलं पोर त्यातून दुसरंच घेऊन जातं: मारल्यावर जो कळवळतो तो कच्चा.

त्याच पोराला नामदेवांची पुढची गोष्ट कुणी तितक्या जोरात सांगत नाही. १२९६ मध्ये आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली, त्या प्रसंगाचे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत. विसोबांचा उपदेश झालेला, भाजून पक्का झालेला नामदेव त्यात स्वतःचा शोक लपवत नाही. आणि ज्यांच्याकडून ज्ञानदेवांना ज्ञान मिळालं ते थोरले भाऊ, गुरू निवृत्तीनाथ, त्यांचाही बांध फुटलेला तो दाखवतो. म्हणजे पक्कं मडकंही रडतं, हे आमच्या परंपरेनंच सातशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे.

न रडणाऱ्याबद्दलही सांगायला हवं, कारण धोका तिकडे जास्त आहे. नैराश्य मोजायची बेक यांची प्रश्नावली १९६१ पासून जगभर वापरतात. तिच्यात रडण्यावर एक प्रश्न आहे. उत्तरं चढत्या क्रमानं आहेत, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर सतत रडणारा माणूस नाही. तिथं पूर्वी रडू शकणारा, आता इच्छा असूनही रडू न येणारा माणूस आहे. आमच्याकडे मात्र सरणाजवळ हिशेब सांगणाऱ्या माणसाचं कौतुक होतं आणि तो नंतर महिनोन् महिने कसा झोपतो, हे कुणी विचारत नाही. पुरुषांचं नैराश्य पुष्कळदा चिडचिड, भांडण, बाटली, माणसं टाळणं अशा रूपात येतं, म्हणून ते नैराश्य वाटतच नाही. देशात २०२२ मध्ये आत्महत्या केलेल्या दर १०० जणांत सुमारे ७२ पुरुष होते, असं राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी सांगते. एवढं सगळं न रडण्यामुळे झालं, असं मी म्हणणार नाही. कर्ज, नापिकी, आजार, दारू यांचा गुंता त्यात असतो. पण मदत मागताना आवाज कापेल आणि डोळे भरतील, या भीतीनं तोंडच न उघडणारी माणसं मला ठाऊक आहेत. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अशा माणसाच्या उपयोगी पडतो, कारण फोनवर डोळे दिसत नाहीत.

आबांच्या बाबतीत गोळीइतकाच उपयोग डॉक्टरांच्या साध्या सूचनांचा झाला. रडू येतंय असं वाटलं की बसण्याची ढब बदलायची, तोंड किंचित उघडं ठेवून सावकाश श्वास सोडायचा, नजर एखाद्या वस्तूवर लावायची. घरच्यांना सांगितलं, डोळे पुसायला धावू नका, "रडू नका, रडू नका" म्हणू नका, थोडं थांबून बोलणं जिथं तुटलं तिथून पुढे न्या. आणि आबांना सांगितलं, भेटणाऱ्याला आधीच सांगून टाका.

हे शेवटचं त्यांना फार जड गेलं. पण एका संध्याकाळी पुतण्याच्या आधारानं ते पारावर गेले आणि बसल्या बसल्या म्हणाले, "मला मधीच रडू येतं. डोक्यातली नस गेली म्हणून येतं. तुमी बोलत ऱ्हावा." थोड्या वेळानं आलंच. मंडळी मानवतच्या बाजारातल्या कापसाच्या भावावर बोलत राहिली, आबांनीही डोळे पुसून भाव विचारला. उठताना त्यांच्याच वयाचा एक माणूस जवळ आला. त्याच्या भावाला लकवा होऊन वर्ष झालं होतं आणि घरच्यांनी त्याला मागच्या खोलीत ठेवलं होतं. तो विचारत होता, कोणत्या डॉक्टरला दाखवलं, गोळी रोज घ्यावी लागते का, आणि जिल्हा रुग्णालयात मनाचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात.